ठाण्याची विक्री एका रात्रीत कशी घटली?

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे दोन भाग झाले. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तालुके वेगळे काढून पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा करण्यात आला. ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, शहापूर आणि मुरबाड हे सात तालुके मूळ जिल्ह्यात राहिले. वसईतल्या किराणा दुकानदाराच्या धंद्यात त्या दिवशी काडीचाही फरक पडला नाही. गिऱ्हाईक तेच, उधारीची वही तीच. फरक पडला तो त्याला चहा, साबण, बिस्किटं पुरवणाऱ्या कंपन्यांच्या अहवालांत.

समजा, अशा एका कंपनीची जुन्या, अखंड ठाणे जिल्ह्यातली विक्री २०१३-१४ या आर्थिक वर्षात १० कोटी रुपये होती. त्यातले ४ कोटी पुढे पालघरमध्ये गेलेल्या तालुक्यांतले. दोन वर्षांनी, २०१५-१६ मध्ये, त्याच सगळ्या भूभागातली विक्री ११ कोटी झाली. त्यातले ६.४ कोटी ठाण्याचे आणि ४.६ कोटी पालघरचे. आता जिल्हावार अहवाल काढा. एका पद्धतीने काढला तर ठाण्याची विक्री १० कोटींवरून ६.४ कोटींवर आलेली दिसते, म्हणजे ३६ टक्के घट. ठाण्याच्या व्यवस्थापकाला जाब विचारायला एवढं पुरेसं आहे. दुसऱ्या पद्धतीने काढला तर २०१३-१४ मध्येही ठाण्यापुढे ६ कोटीच दिसतात, वाढ जवळपास ७ टक्के येते आणि सगळं आलबेल वाटतं. पण मग त्या वेळी छापून फाइलला लावलेल्या अहवालात १० कोटी कसे, असं लेखापरीक्षक विचारतो. शिवाय तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या पालघर जिल्ह्यात ४ कोटींचा माल विकला गेला, असंही हा अहवाल सांगतो.

दोन्ही अहवाल खऱ्या बिलांवरूनच निघालेले आहेत. बेरीज दोन्हींची बरोबर आहे. प्रश्न बेरजेचा नाहीच. दुकान कोणत्या जिल्ह्यात आहे ही माहिती कुठे ठेवायची आणि ती बदलली की जुन्या माहितीचं काय करायचं, हा प्रश्न आहे.

रोजची बिलं बनवणारं सॉफ्टवेअर या प्रश्नाचं उत्तर देत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणंही चूक आहे. त्याला आजचं बिल बनवायचं असतं, त्यामुळे दुकानाचा आजचा पत्ता, आजचा जिल्हा, आजचा विक्री प्रतिनिधी माहीत असला की त्याचं भागतं. जिल्हा बदलला की कारकून जुनं नाव खोडून नवं टाकतो, संपलं. मागे वळून पाहणाऱ्या अहवालांसाठी मोठ्या कंपन्या वेगळा साठा ठेवतात. त्याला डेटा वेअरहाउस म्हणतात. त्याची मांडणी कशी करावी यावर अमेरिकेतल्या राल्फ किंबॉल यांनी १९९६ मध्ये ‘द डेटा वेअरहाउस टूलकिट’ हे पुस्तक लिहिलं. त्यातली स्टार स्किमा नावाची मांडणी आजही जगभर सगळ्यात जास्त वापरली जाते.

या मांडणीत मधोमध एक मोठं कोष्टक असतं, त्याला फॅक्ट टेबल म्हणतात. आपल्या कंपनीत ते विक्रीचं. भोवती लहान कोष्टकं असतात, ती डायमेन्शन टेबलं: दुकान, माल, तारीख, विक्री प्रतिनिधी. कागदावर रेषांनी जोडली की चांदणीसारखं चित्र दिसतं, म्हणून हे नाव. मधल्या कोष्टकात आकडे असतात, म्हणजे किती नग, किती रुपये. भोवतालच्या कोष्टकांत त्या आकड्यांचं वर्णन असतं. ‘चहाची जिल्हावार, महिनावार विक्री’ असा अहवाल मागितला की रुपये मधून येतात आणि चहा, जिल्हा, महिना हे शब्द भोवतालून.

सगळ्यात आधी ठरवायचं ते मधल्या कोष्टकातली एक ओळ म्हणजे नेमकं काय. आपण धरू, एका बिलावरचा एक माल म्हणजे एक ओळ. बिलावर पाच वस्तू असतील तर पाच ओळी. हे ठरवायच्या आधी रकाने आखायला बसणारे लोक मी पाहिलेत. मग काही ओळी वस्तूच्या, काही अख्ख्या बिलाच्या अशी सरमिसळ होते आणि बिलावरची एकूण सूट पाच वेळा मोजली जाते.

भोवतालच्या कोष्टकांबद्दल एक गोष्ट संगणकशास्त्र शिकलेल्यांना खटकते. दुकानाच्या ओळीत तालुका, जिल्हा, विभाग सगळं एकत्रच लिहिलेलं असतं. वसईची नऊशे दुकानं असतील तर ‘वसई, पालघर, कोकण’ नऊशे वेळा. महाविद्यालयात शिकवतात की एकच माहिती दोनदा लिहू नये, जिल्ह्यांचं वेगळं कोष्टक करावं. बिलं बनवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी ते अगदी बरोबर आहे. पण इथे दुकानं काही हजार असतात आणि विक्रीच्या ओळी काही कोटी. काही हजार ओळींत जिल्ह्याचं नाव पुन्हा पुन्हा लिहिल्याने जागा अशी जातच नाही, आणि अहवाल काढणाऱ्याला जिल्ह्यापर्यंत पोचायला एकच जोडणी पुरते.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. दुकान, माल, माणूस यांचं वर्णन रोज बदलत नाही, पण अधूनमधून बदलतं. किंबॉल यांनी याला स्लोली चेंजिंग डायमेन्शन्स म्हटलं, आणि बदल झाला की काय करायचं याच्या तऱ्हांना सरळ क्रमांक दिले. टाइप १ म्हणजे जुनं पुसून नवं लिहायचं. टाइप २ म्हणजे जुनी ओळ तशीच ठेवून नवी ओळ घालायची. टाइप ३ म्हणजे त्याच ओळीत ‘आधीचा जिल्हा’ असा जादा रकाना ठेवायचा. या तिसऱ्या प्रकाराची स्मरणशक्ती एकाच बदलापुरती असते. दुसरा बदल झाला की पहिला गेला. कंपनीने सगळे विक्री विभाग एकदाच नव्याने आखले आणि वर्षभर जुन्या-नव्याची तुलना हवी असेल तेव्हा तो कामाला येतो. एरवी सगळा खेळ पहिल्या दोघांचा आहे.

टाइप २ ची कल्पना आपल्याकडे शेती असलेल्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. सातबारावर जमीन दुसऱ्याच्या नावे झाली की जुनं नाव कोणी रबराने पुसत नाही. त्याला कंस होतो, नवं नाव चढतं आणि शेजारी फेरफार क्रमांक लागतो. दुकानांच्या कोष्टकातही तसंच घडतं. वसईच्या V1047 या दुकानाच्या अशा दोन ओळी होतात:

```
shop_key  shop_code  taluka  district  valid_from  valid_to
311       V1047      Vasai   Thane     2011-04-01  2014-08-01
8420      V1047      Vasai   Palghar   2014-08-01  9999-12-31
```

दुकान एक, ओळी दोन. V1047 हा कंपनीने दुकानाला दिलेला क्रमांक, तो बदललेला नाही. पण आता तो एकटा पुरत नाही, कारण तो दोन ओळींवर आहे. म्हणून डावीकडे shop_key हा वेअरहाउसचा स्वतःचा क्रमांक आहे. त्याला काही अर्थ नाही, तो फक्त ‘या दुकानाची या काळातली ओळ’ एवढंच ओळखतो. धंद्यात त्याला सरोगेट की म्हणतात. विक्रीच्या कोष्टकात दुकानाचा क्रमांक म्हणून हाच जातो: जुलै २०१४ च्या बिलांवर ३११, ऑगस्टच्या बिलांवर ८४२०. जिल्हावार बेरीज केली की जुलैची विक्री आपोआप ठाण्यात पडते आणि ऑगस्टची पालघरमध्ये. अहवाल लिहिणाऱ्याला तारखांचा विचारही करावा लागत नाही.

तारखांच्या दोन बारकाव्यांवर थांबायला हवं. चालू ओळीची शेवटची तारीख रिकामी न ठेवता ९९९९ सालची घातली आहे, कारण रिकाम्या रकान्याशी तुलना केली की डेटाबेस ‘हो’ही म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही, आणि ती ओळ निकालातून गुपचूप गळते. आणि जुन्या ओळीची शेवटची तारीख ३१ जुलै नसून १ ऑगस्ट आहे. ‘त्या दिवसाच्या आधीपर्यंत’ असा तिचा अर्थ. ३१ जुलै लिहिली तर ३१ तारखेला दुपारी चारला झालेलं बिल काही ठिकाणी धरलं जातं आणि काही ठिकाणी नाही, कारण नुसत्या तारखेचा अर्थ डेटाबेस मध्यरात्र असा लावतो.

रोज रात्री बिलांची नवी माहिती वेअरहाउसमध्ये भरली जाते. तेव्हा प्रत्येक बिलासाठी योग्य ओळ शोधावी लागते. समजा, जव्हारकडच्या एका वितरकाने २९ जुलैची बिलं ५ ऑगस्टला पाठवली. भरणारा प्रोग्राम ‘V1047 ची चालू ओळ दे’ असं विचारत असेल तर ८४२० मिळते आणि जुलैची विक्री पालघरमध्ये जाते. म्हणून विचारायचं ते बिलाची तारीख धरून:

```sql
SELECT s.shop_key
FROM dim_shop s
WHERE s.shop_code = 'V1047'
  AND s.valid_from <= '2014-07-29'
  AND s.valid_to   >  '2014-07-29';
```

उत्तर ३११ येतं, आणि तेच हवं. हे समजायला सोपं आहे, तरी ‘चालू ओळ’ शोधणारे प्रोग्राम भरपूर सापडतात. कारण चाचणीच्या वेळी बिलं त्याच दिवसाची असतात आणि दोन्ही पद्धतींचं उत्तर सारखंच येतं.

यापेक्षा मोठा घोळ मात्र वेगळ्याच जागी होतो, आणि तो प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातातला नाही. जिल्हा बदलला १ ऑगस्टला. पण बिलांच्या सॉफ्टवेअरमध्ये कारकुनाने तो कधी बदलला? सरकारी अधिसूचना वाचून कोणी त्याच रात्री नऊशे दुकानं दुरुस्त करत नाही. दिवाळी झाली, कोणाला तरी आठवलं, आणि १७ नोव्हेंबरला बसून वसईची दुकानं बदलली. रात्रीच्या प्रोग्रामने कालची आणि आजची यादी ताडून पाहिली, फरक दिसला, आणि नवी ओळ उघडली: १७ नोव्हेंबरपासून पालघर. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि निम्मा नोव्हेंबर, सगळी विक्री ठाण्यातच राहिली. डहाणूची दुकानं दुसऱ्या कोणीतरी जानेवारीत बदलली, तर तिथे पालघर जिल्हा जानेवारीत जन्मला.

गोष्ट प्रत्यक्षात कधी बदलली आणि संगणकाला ती कधी कळली, या दोन वेगळ्या तारखा आहेत. अहवालाला पहिली हवी असते. प्रोग्रामला दिसते ती दुसरी. सॉफ्टवेअरमध्ये ‘बदल लागू झाल्याची तारीख’ असा रकाना असेल आणि लोक तो इमानदारीने भरत असतील, तर ठीक. बहुतेक ठिकाणी तो नसतो, आणि असला तर त्यात आजची तारीख आपोआप पडते.

हा घोळ ओळखायचा कसा? आकडे आपसात जुळतात, त्यामुळे कुठलीही यांत्रिक तपासणी लाल दिवा दाखवत नाही. पण पालघरच्या सगळ्या ओळी valid_from प्रमाणे मोजून पाहिल्या की कळतं. जुन्या दुकानांची सगळी गर्दी १ ऑगस्ट २०१४ या एकाच तारखेवर दिसायला हवी, आणि पुढे उघडलेली नवी दुकानं तुरळक विखुरलेली. १७ नोव्हेंबरला वसईचा आणि जानेवारीत डहाणूचा असे ढीग दिसले, तर ते कारकुनांचे कामाचे दिवस आहेत, जिल्ह्याचे नव्हेत.

दुरुस्ती दोन पायऱ्यांची असते. आधी दुकानांच्या कोष्टकातल्या तारखा सरळ करायच्या: जुनी ओळ १ ऑगस्टला बंद, नवी १ ऑगस्टपासून सुरू. मग मधल्या साडेतीन महिन्यांच्या विक्रीच्या ओळींवर ३११ काढून ८४२० टाकायचं. पहिली पायरी करून दुसरी विसरणं हे इतकं नेहमीचं आहे की त्यासाठी एक प्रश्न रोज रात्री भरणा झाल्यावर आपोआप विचारला जावा, असं माझं मत आहे:

```sql
SELECT COUNT(*)
FROM fact_sales f
JOIN dim_shop s ON s.shop_key = f.shop_key
WHERE f.bill_date <  s.valid_from
   OR f.bill_date >= s.valid_to;
```

म्हणजे, ज्या दुकान-ओळीला विक्री चिकटवली आहे तिच्या काळाबाहेरची बिलं किती? उत्तर शून्यच यायला हवं. दुसरी पायरी विसरली असेल तर सप्टेंबरची बिलं १ ऑगस्टला बंद झालेल्या ३११ वर लटकलेली दिसतात आणि आकडा हजारांत येतो. ‘चालू ओळ’वाला भरणा असेल तर जव्हारची उशिरा आलेली बिलंही इथेच पकडली जातात.

आणखी एक चूक अशी, की ती झाल्याबरोबर साहेब खूश होतात. नवा कोणी अहवाल काढणारा सवयीने shop_code वरून जोडणी करतो. V1047 च्या दोन ओळी आहेत, त्यामुळे प्रत्येक बिल दोनदा मोजलं जातं आणि वसईची विक्री एका दिवसात दुप्पट होते. दुकानांची संख्या मोजतानाही हेच घडतं: नऊशेची अठराशे. उपाय साधा आहे. विक्रीची एकूण बेरीज आधी कुठल्याही जोडणीशिवाय काढायची, मग जोडणीनंतर. दोन्ही पैशापर्यंत जुळल्याशिवाय अहवाल पुढे पाठवायचा नाही.

आता सुरुवातीचे दोन अहवाल. टाइप २ ने आपल्याला पहिला मिळाला: विक्री झाली तेव्हा जो जिल्हा होता तो. १० कोटींवरून ६.४ कोटी. तो लेखापरीक्षकासाठी बरोबर आहे. व्यवस्थापकाला मात्र दुसरा हवा, आजच्या हद्दी मागच्या वर्षांवर लावून: ठाणे ६ वरून ६.४ कोटी, पालघर ४ वरून ४.६ कोटी, म्हणजे पालघरची वाढ १५ टक्के. वाढीचा अर्थ लावायचा तर हाच अहवाल कामाचा. २०१४-१५ चं वर्ष तर पहिल्या पद्धतीत कोणालाच धड वाचता येत नाही, कारण त्यात वसईचे चार महिने ठाण्यात आणि आठ पालघरमध्ये आहेत.

दोन्ही हवेत, तर प्रत्येक ओळीत दोन रकाने ठेवतात: ‘त्या वेळचा जिल्हा’ आणि ‘आजचा जिल्हा’. ओळ ३११ मध्ये पहिल्यात ठाणे आणि दुसऱ्यात पालघर. पुढे पुन्हा बदल झाला तर पहिला रकाना तसाच राहतो, दुसरा त्या दुकानाच्या सगळ्या जुन्या-नव्या ओळींत पुसून लिहिला जातो. याला टाइप ६ म्हणतात, कारण त्यात टाइप १, २ आणि ३ तिन्ही आहेत आणि त्यांची बेरीज सहा होते. गुणाकारही सहाच येतो. शीर्षकं मात्र नीट द्यावी लागतात. दोन्ही रकान्यांना नुसतं ‘जिल्हा’ असं नाव दिलेले अहवाल एकाच बैठकीत समोरासमोर आले, तर पुढचा अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

मग सगळ्याच रकान्यांना टाइप २ का लावू नये? इतिहास ठेवला तर बिघडलं काय? बिघडतं ते असं. दुकानदाराने मोबाइल नंबर बदलला, पाटी बदलली, पत्त्यात ‘स्टेशन रोड’चं ‘स्टेशन रस्ता’ झालं, की प्रत्येक वेळी नवी ओळ. त्या ओळींनी कुठल्याही अहवालाचा आकडा बदलत नाही, पण एका दुकानाच्या वीस ओळी होतात आणि खरा बदल त्यात हरवतो. माझा नियम असा, की ज्या रकान्यावर कोणी कधी बेरीज मागणार नाही, त्याला टाइप १.

जिल्ह्यांची नावं बदलली तेव्हा हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. इथे हद्द हलली नाही, एकही दुकान इकडून तिकडे गेलं नाही. टाइप २ लावला तर त्या वर्षाच्या अहवालात एकाच जिल्ह्याच्या दोन ओळी येतात, काही महिने जुन्या नावाखाली, उरलेले नव्या. मला तरी हे नाव सरळ टाइप १ ने बदलणं योग्य वाटतं. जुन्या बिलावर छापलेलं जुनं नाव बिलाच्या प्रतीत सुरक्षित आहेच, ते सांभाळणं वेअरहाउसचं काम नाही. पण त्याआधी बेरीज नावावर न करता जिल्ह्याच्या सांकेतिक क्रमांकावर करायची सोय हवी. नाहीतर एका वितरकाकडून ‘अहमदनगर’ येतं, दुसऱ्याकडून ‘अहिल्यानगर’, तिसऱ्याकडून ‘अ.नगर’, आणि अहवालात एकाचे तीन जिल्हे होतात.

पालघर हा बदल होता, अहिल्यानगर हे नामांतर. तिसरा प्रकार चुकीच्या दुरुस्तीचा. एखादं दुकान पहिल्यापासून वसईतच होतं, पण नोंदवताना कोणी भिवंडी लिहिलं. तीन वर्षांनी लक्षात आलं आणि तालुका बदलला. प्रोग्रामला दिसतं ते एवढंच: काल भिवंडी, आज वसई. तो टाइप २ ची नवी ओळ उघडून मोकळा होतो, आणि एका जागचं दुकान इतिहासात भिवंडीहून वसईला स्थलांतर करतं. खरं तर इथे जुनी ओळच दुरुस्त करायला हवी होती. दुकान खरंच हललं की आधीची नोंद चुकली होती, हे डेटावरून कळत नाही. ते कारकुनालाच विचारावं लागतं. त्यामुळे नोंद बदलताना ‘बदल’ की ‘दुरुस्ती’ अशी निवड आणि लागू होण्याची तारीख, हे दोन रकाने बिलांच्या सॉफ्टवेअरमध्ये सक्तीचे करून घेणं हे वेअरहाउस बांधणाऱ्याचं पहिलं भांडण असायला हवं. हे भांडण सहसा हरलं जातं, कारण ते सॉफ्टवेअर दुसऱ्या खात्याच्या ताब्यात असतं आणि त्यांना आणखी दोन रकाने नको असतात.

वेअरहाउस उशिरा बांधलं तर आणखी एक मर्यादा येते. समजा, ते २०१७ मध्ये उभं राहिलं. तोवर बिलांच्या सॉफ्टवेअरमध्ये ठाणे पुसून पालघर झालेलं असतं. जिल्ह्याचं निभावतं, कारण तारीख सरकारी अधिसूचनेत आहे आणि आठ तालुक्यांची यादीही. मागच्या ओळी हाताने उभ्या करता येतात. पण V1047 कडे २०१५ मध्ये कोणता विक्री प्रतिनिधी जात होता, याची नोंद कुठल्या राजपत्रात नसते. तिथे आजच्या प्रतिनिधीचं नाव मागे नेऊन भरायचा मोह होतो, आणि मग २०१६ मध्ये नोकरीला लागलेल्या पोराच्या खात्यावर २०१५ ची विक्री दिसते. त्या काळासाठी ‘प्रतिनिधी: माहिती नाही’ अशी एक वेगळी ओळ ठेवायची आणि ती विक्री तिला जोडायची. जिल्हावार अहवाल पूर्ण राहतो, आणि प्रतिनिधीवार अहवालात २०१७ आधीची रक्कम एका ठिकाणी, उघड दिसेल अशी उभी राहते.